वही, पेन आणि निपाणीचा ग्राहक : एका दुकानातली तीन प्रकारची बिले

प्रश्न : कोल्हापुरात माझे शालेय साहित्याचे छोटे दुकान आहे. वर्षाची उलाढाल साधारण ऐंशी लाख रुपये असून जीएसटीची नोंदणी नेहमीच्या पद्धतीची आहे, कंपोझिशनची नाही. वह्यांवरचा कर गेल्यापासून बिलांचा गोंधळ झाला आहे. संगणकावर वही आणि रजिस्टर दोघांनाही एकच कोड टाकला आहे आणि दोन्हींवर अठरा टक्के लागत आहेत. पाच-दहा रुपयांच्या पेनाचे बिल करायचे की नाही, हेही कळत नाही. गेल्या महिन्यात निपाणीच्या एका शिकवणी वर्गाच्या चालकांनी दुकानात येऊन पेन आणि रजिस्टरे नेली. त्यांच्या आग्रहावरून बिलावर निपाणीचा पत्ता लिहिला, पण कर नेहमीसारखा केंद्राचा व राज्याचा लावला. आमचे हिशेबनीस म्हणतात की हे चुकले. माल तर कोल्हापुरातच हातात दिला, मग चुकले काय?
– एक दुकानदार, कोल्हापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

आपल्या पत्रातल्या अडचणी वेगवेगळ्या दिसत असल्या, तरी त्या सगळ्या गल्ल्यावर विचारायच्या तीन प्रश्नांत सामावतात. विकलेला माल करपात्र आहे की करमुक्त, घेणाऱ्याकडे जीएसटी क्रमांक आहे की नाही, आणि बिलावर त्याचा पत्ता कोणत्या राज्यातला आहे? बिलाचा नमुना, त्याचे नाव आणि त्यावर लावायचा कर या तीन उत्तरांवर ठरतो. निपाणीचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा असल्यामुळे तो शेवटी घेतो.

आधी मालाचे पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या वह्या, आलेख-वह्या, प्रयोगवह्या, पेन्सिली, शार्पनर आणि खोडरबर यांवरचा कर शून्य झाला. कंपासपेटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आली. पेन मात्र अठरा टक्क्यांवरच राहिले, आणि रजिस्टर, हिशेबाच्या वह्या, पावतीपुस्तके, रोजनिश्या हेही अठरा टक्क्यांतच आहेत. आपल्या संगणकातली चूक नेमकी इथे आहे. वही आणि रजिस्टर या दोन्हींचा एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा, कोड ४८२० हाच आहे, त्यामुळे कोड एक असला म्हणजे दरही एकच, असे आपल्या प्रणालीने गृहीत धरले. जीएसटीत कोड आपल्याला मालाच्या कुटुंबापर्यंत नेतो, दर मात्र अधिसूचनेतल्या वर्णनावरून ठरतो. म्हणून प्रणालीत ‘४८२० वही, करमुक्त’ आणि ‘४८२० रजिस्टर, अठरा टक्के’ अशा दोन स्वतंत्र वस्तू उघडाव्यात आणि दर कोडाला न जोडता वस्तूला जोडावा. हे करताना कागदाच्या रिमांकडेही लक्ष द्यावे. झेरॉक्सचा कागद आता अठरा टक्क्यांत आहे, आणि जुन्या बारा टक्क्यांवर राहिलेली ही नोंद अनेक दुकानांत सापडते.

दर बदलल्यापासून आपण वह्यांवर जो कर वसूल केला, तो ‘मुळात लागूच नव्हता’ म्हणून गल्ल्यात ठेवता येत नाही. कर म्हणून ग्राहकाकडून घेतलेली रक्कम सरकारकडे भरलीच पाहिजे, मग तो माल करमुक्त का असेना. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ७६ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. ज्या ग्राहकांची नावे आपल्याकडे आहेत, विशेषतः ज्या नोंदणीकृत व्यापाऱ्यांना आपण वह्या विकल्या, त्यांना क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलातली रक्कम कमी करणारा कागद, देऊन जास्त घेतलेला कर परत करता येतो. त्या आर्थिक वर्षाच्या व्यवहारासाठी क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवण्याची मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते, आणि त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र आपण त्याआधी भरले तर मुदतही तेव्हाच संपते. सुट्ट्या ग्राहकांकडून घेतलेला कर परत देणे शक्य नसते, म्हणून तो सरकारकडे भरलेलाच राहू द्यावा.

आता रोजच्या बिलाकडे वळू. एक पालक दुकानात येतात आणि पन्नास रुपयांच्या बारा वह्या, एकोणसाठ रुपयांची दोन पेन-पाकिटे आणि एकशे पाच रुपयांची एक कंपासपेटी घेतात. छापील किमतीत कर धरलेला असतो, म्हणून बिल करताना तो किमतीतून सोडवून काढावा लागतो. पेनांची एकूण किंमत एकशे अठरा रुपये आहे. अनेक जण यावर सरळ अठरा टक्के काढतात, कर एकवीस रुपये चोवीस पैसे येतो आणि हिशेब पहिल्याच ओळीत बिघडतो. योग्य रीत अशी की छापील किमतीला ११८ ने भागून १०० ने गुणावे. मूल्य शंभर रुपये येते, आणि उरलेल्या अठरांपैकी नऊ रुपये केंद्रीय कर व नऊ रुपये राज्य कर होतो. कंपासपेटीच्या बाबतीत १०५ ने भागायचे, म्हणजे मूल्य शंभर रुपये आणि दोन्ही कर अडीच-अडीच रुपये. वह्यांचे सहाशे रुपये जसेच्या तसे करमुक्त रकान्यात जातात. एकूण बिल आठशे तेवीस रुपयांचे होते, आणि ग्राहकाने दिलेल्या रकमेत एका पैशाचाही फरक पडत नाही.

या एका खरेदीत करपात्र आणि करमुक्त असा दोन्ही माल आला. नियमाप्रमाणे करपात्र मालाला ‘टॅक्स इन्व्हॉइस’ आणि करमुक्त मालाला ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यावे लागते. मात्र घेणारा नोंदणीकृत नसेल, तर दोन्हींसाठी एकच कागद पुरतो आणि त्याच्या डोक्यावर ‘इन्व्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय’ असे लिहायचे असते. ही सोय नियम ४६ए मध्ये आहे आणि आपल्यासारख्या दुकानासाठी ती फार उपयोगाची आहे, कारण वही, पेन आणि पेन्सिल एकत्रच विकली जातात.

हीच खरेदी एखाद्या नोंदणीकृत कंपनीने केली की ही सोय संपते. समजा, उद्यमनगरमधला एक कारखाना चाळीस रुपयांच्या पन्नास वह्या आणि एकशे अठरा रुपयांची वीस रजिस्टरे घेतो. त्याला दोन स्वतंत्र कागद द्यावे लागतील. वह्यांच्या दोन हजार रुपयांचे बिल ऑफ सप्लाय निघेल आणि त्यावर कराचा रकानाच नसेल. रजिस्टरांच्या दोन हजार तीनशे साठ रुपयांचे टॅक्स इन्व्हॉइस निघेल, ज्यात मूल्य दोन हजार आणि दोन्ही कर एकशे ऐंशी-एकशे ऐंशी रुपये असतील. हे तीनशे साठ रुपये कारखान्याला त्याच्या करातून वजा करून मिळतात, यालाच क्रेडिट म्हणतात, आणि म्हणूनच त्याचा खरेदी अधिकारी पक्क्या बिलासाठी आग्रही असतो. या बिलावर त्याचे नाव, पत्ता आणि पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक लागतो. उलाढाल पाच कोटींच्या आत असल्यामुळे आपल्याला नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलावर चार अंकी एचएसएन पुरतो, आणि सुट्ट्या ग्राहकाच्या बिलावर तो लिहिण्याची सक्ती नाही. माल पाठवायचा असेल तर बिलाच्या तीन प्रती निघाल्या पाहिजेत : मूळ प्रत ग्राहकाला, दुसरी वाहतूकदाराला आणि तिसरी स्थळप्रत म्हणून आपल्याकडे.

जीएसटी क्रमांक ग्राहकाने सांगितला तसा तोंडी उतरवून घेऊ नये. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०), पुढची दहा अक्षरे पॅनची असतात, आणि एक अक्षर चुकले तरी क्रमांक बहुधा अवैध ठरतो किंवा क्वचित भलत्याच व्यापाऱ्याचा निघतो. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकून नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो. आपण तिमाही विवरणपत्राची योजना घेतली असेल, तर तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत नोंदणीकृत ग्राहकांची बिले पुढच्या महिन्याच्या तेरा तारखेपर्यंत पोर्टलवर चढवता येतात. ती चढवली नाहीत तर कारखान्याच्या चौदा तारखेच्या जीएसटीआर-२बी या क्रेडिटच्या यादीत आपले बिल दिसत नाही आणि त्याला त्या महिन्यात क्रेडिट घेता येत नाही. ‘तुमचे बिल दिसत नाही’ असे जे फोन येतात, त्यांतले बहुतेक या एका तारखेमुळे येतात.

पाच-दहा रुपयांच्या विक्रीबद्दल कायदा व्यवहारी आहे. विक्री दोनशे रुपयांपेक्षा कमी असेल, घेणारा नोंदणीकृत नसेल आणि त्याने स्वतः बिल मागितले नसेल, तर प्रत्येक विक्रीचे वेगळे बिल करावे लागत नाही. मात्र दिवसाच्या शेवटी अशा सगळ्या विक्रीचे एकच एकत्रित बिल करावे लागते, आणि इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. ते बिल ‘किरकोळ विक्री, चार हजार रुपये’ असे एका ओळीत उरकून चालत नाही. आपल्या दुकानात ते तीन भागांत असायला हवे : करमुक्त माल, पाच टक्क्यांचा माल आणि अठरा टक्क्यांचा माल. त्यासाठी गल्ल्याजवळच्या कच्च्या वहीत दिवसभर तीन रकाने ठेवले तरी भागते. समजा, एखाद्या दिवशी पेनांची किरकोळ विक्री एक हजार एकशे ऐंशी रुपये झाली. एकत्रित बिलात मूल्य एक हजार आणि दोन्ही कर नव्वद-नव्वद रुपये येतील. सगळा किरकोळ गल्ला अठरा टक्क्यांत टाकणारे दुकानदार मी पाहिले आहेत. ते सरकारला विनाकारण जास्त पैसे देत असतात, आणि तपासणीत त्याबद्दल कोणी त्यांची पाठ थोपटत नाही. दोनशे रुपयांची मर्यादा एका ग्राहकाच्या एका खरेदीला लागू होते, म्हणून साडेतीनशेची खरेदी दोन भागांत तोडून तिचे बिल टाळता येणार नाही.

बिलांच्या क्रमांकाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी वर तीन प्रकारचे कागद आले म्हणून सांगतो. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र मालिका ठेवता येते, आणि दोन गल्ले असतील तर दोन मालिका ठेवणेही चालते. अट इतकीच की क्रमांक सलग असावा, आर्थिक वर्षात त्याची पुनरावृत्ती होऊ नये आणि त्यात सोळापेक्षा जास्त अक्षरे नसावीत. A/26-27/00145 हा क्रमांक तेरा अक्षरांचा असल्याने बसतो. KOP/STN/2026-27/00145 हा दिसायला झोकदार असला तरी एकवीस अक्षरांचा होतो आणि नियमात बसत नाही. चुकलेले बिल फाडून टाकू नये. त्याच्या सगळ्या प्रतींवर ‘रद्द’ लिहून त्या बिलबुकातच ठेवाव्यात, कारण जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या तेराव्या तक्त्यात कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत कागद निघाले आणि त्यांतले किती रद्द झाले, हे सांगावे लागते. अधिकाऱ्याच्या डोळ्याला मालिकेतली पोकळी सर्वांत आधी दिसते.

आता निपाणीच्या ग्राहकाकडे येऊ. आपले हिशेबनीस बरोबर आहेत, पण आपल्याला पडलेला प्रश्नही रास्त आहे. कर कोणत्या राज्याला मिळणार, हे ‘पुरवठ्याचे ठिकाण’ कोणते यावर ठरते. विक्रेता आणि पुरवठ्याचे ठिकाण एकाच राज्यात असले की केंद्रीय कर व राज्य कर लागतो, आणि वेगवेगळ्या राज्यांत असले की आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा एकत्रित कर, लागतो. ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम दोन्ही वेळा सारखीच असते. फरक पडतो तो महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या हिश्श्यात.

नोंदणी नसलेल्या ग्राहकांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून एक वेगळा नियम आला. तो असा की बिलावर ग्राहकाचा पत्ता लिहिला असेल तर तो पत्ता हेच पुरवठ्याचे ठिकाण, आणि पत्ता लिहिला नसेल तर विक्रेत्याचे दुकान हेच ठिकाण. बिलावर ग्राहकाच्या राज्याचे नुसते नाव लिहिले तरी कायदा पत्ता लिहिला असेच समजतो. माल कुठे हातात दिला, याचा विचार या नियमात येतच नाही. माझ्या मते सीमेवरच्या दुकानदारांना हा नियम नीट समजावून सांगायला हवा होता. कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा चंदगडच्या दुकानात निपाणी, संकेश्वर, बेळगावचा ग्राहक ही रोजची गोष्ट आहे, आणि तिथे केवळ सौजन्य म्हणून बिलावर पत्ता लिहिला जातो.

आपल्या व्यवहारात हे असे बसते. समजा, वर्गचालकांनी नेलेल्या पेन आणि रजिस्टरांचे मूल्य दोन हजार रुपये होते आणि कर तीनशे साठ. बिलावर पत्ता लिहिला नसता, तर केंद्रीय कर एकशे ऐंशी आणि राज्य कर एकशे ऐंशी हेच बरोबर ठरले असते, कारण पुरवठ्याचे ठिकाण कोल्हापूर झाले असते. निपाणीचा पत्ता लिहिल्याबरोबर ते ठिकाण कर्नाटक झाले, आणि त्याच मालावर आयजीएसटी तीनशे साठ रुपये लागायला हवा होता. हे गृहीत धरताना वर्गचालकांकडे जीएसटी क्रमांक नाही, असे मी समजलो आहे. त्यांच्याकडे कर्नाटकाचा क्रमांक असता आणि त्यांनी माल निपाणीला नेला असता, तर मालाचा प्रवास जिथे संपतो ते ठिकाण धरून आयजीएसटीच लावावा लागला असता, मग माल आपल्या गल्ल्यावरून त्यांनी स्वतः का उचलला असेना. शिवाय महाराष्ट्राचा राज्य कर लावलेल्या बिलावर कर्नाटकातल्या व्यापाऱ्याला क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे असे बिल तो दुसऱ्या दिवशी परत घेऊन आलाच असता.

झालेले बिल कसे दुरुस्त करायचे, हे त्या काळाचे जीएसटीआर-१ गेले आहे की नाही यावर अवलंबून आहे. ते अजून भरले नसेल, तर जुने बिल रद्द करून आयजीएसटीचे नवे बिल द्यावे, ग्राहकाकडची मूळ प्रत परत घ्यावी आणि दोन्ही क्रमांकांची नोंद ठेवावी. ते भरले असेल, तर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे जुन्या बिलाची क्रेडिट नोट काढून नवे आयजीएसटीचे बिल करणे आणि पुढच्या विवरणपत्रात दोन्ही दाखवणे. दुसरा मार्ग म्हणजे तीनशे साठ रुपयांचा आयजीएसटी भरून चुकीने भरलेल्या केंद्रीय व राज्य कराचा परतावा मागणे. राज्यांतर्गत समजून कर भरला आणि व्यवहार आंतरराज्य ठरला, तर त्या आयजीएसटीवर व्याज लागत नाही, आणि परताव्याचा अर्ज योग्य कर भरल्यापासून दोन वर्षांत करता येतो. मात्र क्रेडिट नोटने हिशेब जुळवला असेल, तर त्याच व्यवहाराचा परतावा पुन्हा मागता येत नाही. शिवाय एका कराखालची रक्कम हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर परतावा दिला जात नाही, म्हणून या एकशे ऐंशी-एकशे ऐंशी रुपयांसाठी मी आपल्याला क्रेडिट नोटचा मार्ग सुचवेन. रक्कम काही हजारांत गेली असती तर माझे उत्तर वेगळे असते.

पुढे काय करायचे, तेही सांगतो. दुकानात उभ्या असलेल्या, नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बिलावर आपण होऊन पत्ता लिहू नये. पन्नास हजारांच्या आतल्या बिलावर तो बंधनकारक नाही. ग्राहकाने आग्रह धरला, तर पत्ता लिहावाच, कारण तसा त्याला हक्क आहे. पण लिहिताना राज्य पाहावे आणि कर्नाटक किंवा गोवा असेल तर प्रणालीत आयजीएसटी निवडावा. बिल पन्नास हजार किंवा त्याहून जास्त रकमेचे झाले, तर करपात्र मालाच्या बिलावर नाव, पत्ता, राज्य आणि राज्याचा कोड लिहावाच लागतो, आणि तिथे निपाणीच्या ग्राहकाला आयजीएसटी लागणार हे गृहीतच धरावे. संगणकाच्या प्रणालीत ‘पुरवठ्याचे ठिकाण’ हा रकाना बहुधा महाराष्ट्र असा आधीच भरलेला असतो. तो पत्त्यावरून आपोआप बदलतो की नाही, हे चाचणीचे एक बिल करून आजच पाहावे आणि ते लगेच रद्द म्हणून नोंदवावे.

वर्गचालकांना बिल बदलून देताना तक्रार होण्याचे कारण नाही, कारण त्यांनी दिलेली रक्कम तीच राहते. नोंदणी नसल्यामुळे त्यांना कोणत्याही कराचे क्रेडिट मिळणार नव्हतेच. त्यांना फक्त नवे बिल आणि त्यावरचा त्यांच्या वर्गाचा पत्ता हवा असेल, आणि तो नव्या बिलावर तसाच राहील.

आपला,
सनदी लेखापाल